आऱ्यात शिकलेला सत्तू

माझ्या माहेरी, नाशिकला, दर उन्हाळ्यात सातूचं पीठ व्हायचं. गहू ओलवून उखळात सडायचे, वाळवून खमंग भाजायचे, त्यात डाळं, जिरं, सुंठ, वेलची घालून दळून आणायचे. दूध-गुळात कालवून आम्ही ते वाटीने खायचो. नाव सातूचं, पण खरा सातू, म्हणजे जव, आमच्या घरात कधी यायचाच नाही. त्यामुळे 2016 मध्ये नवऱ्याच्या बदलीमुळे बिहारमधल्या आऱ्याला राहायला गेलो आणि शेजारच्या चाचींनी "सतुआ पिणार का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती गोड वाटी आली. हातात आला तो कांदा, हिरवी मिरची, काळं मीठ आणि लिंबू घातलेला मातकट पिवळा पेला. पहिला घोट घेतला आणि दुसरा पेला मी मागून घेतला.

सतुआ म्हणजे सत्तू, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. पहिल्या वर्षी तो विकतच आणला. दुसऱ्या वर्षी होळी झाली, बाजारात नवा हरभरा आला, आणि चाची म्हणाल्या, "दुलहिन, यंदा घरचा कर. सतुआनला नव्या बुटाचा सत्तू हवा." हरभऱ्याला तिथे बूट म्हणतात. सतुआन म्हणजे मेष संक्रांत, 14 एप्रिलच्या आसपास येते. त्या दिवशी नवा सत्तू, गूळ आणि कोवळ्या कैरीची चटणी खातात. माझ्याकडे महिनाभर होता.

दोन किलो बारीक गावरान हरभरे घेतले, तपकिरी सालीचे. काबुली चण्याचा सत्तू करत नाहीत. दाणा मोठा असल्यामुळे तो आतपर्यंत नीट भाजला जात नाही, आणि गावरान हरभऱ्याचा खमंगपणाही त्याला येत नाही. माझे हरभरे नवे होते, म्हणून चाचींनी आधी दोन दिवस कडक उन्हात घालायला लावले. त्यानंतर जे सांगितलं त्याने मी चक्रावले. "आता भिजव." आत्ताच तर दोन दिवस वाळवले होते! पण सत्तूची सगळी किल्ली इथेच आहे, हे पुढे कळलं. कोरडा हरभरा तापल्या कढईत टाकला तर साल करपते आणि आतला गर गारगोटीसारखा राहतो. दाण्यात थोडं पाणी असलं की तापल्यावर त्याची वाफ होते. ती वाफ साल ढकलते, दाणा फोडते आणि आतून हलका, सच्छिद्र करते. फुटाणा फुटतो तो या वाफेने. मग आधीचं ऊन कशासाठी? नव्या दाण्यांत ओल कमी-जास्त असते. ती एकसारखी करून घ्यायची आणि मग आपल्या मापाने पाणी द्यायचं.

पाणी द्यायचं म्हणजे उसळीसारखं रात्रभर भिजवायचं नाही. तीन-चार तास भिजवले, उपसून चाळणीत निथळले आणि जुन्या सुती धोतरावर सावलीत पसरले. वरून कोरडे, आतून ओलसर असे होईपर्यंत. हातात मूठभर घेऊन हलवले तर आवाज यायला हवा, पण दाताखाली दाणा कडकन तुटता कामा नये, थोडा दबायला हवा. माझी पहिली खेप जास्तच ओली राहिली होती. चाचींनी चार दाणे चावून पाहिले आणि आणखी एक रात्र ठेवायला सांगितलं. जास्त ओला दाणा भट्टीत भाजत नाही, शिजतो. मग तो चिवट होतो आणि दळताना जात्याला चिकटतो.

भाजायला आम्ही घोनसारावर गेलो. घोनसार म्हणजे भडभुंज्याची भट्टी. जमिनीत खोल चूल, तिच्यावर तिरपी बसवलेली मातीची मोठी भांडी, त्यांत नदीची बारीक वाळू, खाली उसाची चिपाडं आणि वाळका पाला. भट्टी चालवणाऱ्या बाई तापलेली वाळू एका भांड्यात घ्यायच्या, तिच्यावर ओंजळीने हरभरे टाकायच्या आणि काडक्यांच्या जुडीने भराभर हलवायच्या. क्षणभर काहीच होत नाही. मग एक दाणा तडकतो, दुसरा तडकतो, आणि एकदम पावसाची सर पत्र्यावर यावी तसा आवाज सुरू होतो. तो आवाज ओसरायला लागला की भांडं चाळणीवर उलटं. वाळू खाली, फुटाणे वर. एका घाण्याला दीड मिनिटही लागत नसेल. वाळूचं काम इथे समजतं. कढईत दाण्याची एकच बाजू लोखंडाला टेकते. वाळू दाण्याला सगळीकडून वेढते, म्हणून तो सगळीकडून एकदम तापतो.

भाजणावळ म्हणून त्या बाई दर घाण्यातून मूठभर दाणे बाजूला काढून ठेवत होत्या. पैसे देऊ का विचारलं तर त्यांनी मान हलवली.

भाजलं की नाही हे पाहायला चाचींनी एक गरम फुटाणा फुंकरून माझ्या तळहातावर फोडला. आतला गर सगळीकडून सारखा, गव्हाच्या काडीच्या रंगाचा हवा. मध्ये पांढरट किंवा हिरवट ठिपका दिसला तर कच्चा. कडेला तपकिरी डाग दिसले तर जास्त झाला, आणि त्याचा कडवटपणा आख्ख्या पिठात उतरतो. खरी परीक्षा मात्र दाताखाली. नीट भाजलेला दाणा चावला की त्याची कोरडी पूड होते आणि तोंडातली लाळ ओढून घेते. कच्चा दाणा चावल्यावर दाढेला चिकटतो आणि कच्च्या बेसनाचा वास येतो. पेल्यात लिंबू-कांद्याने तो वास झाकला जात नाही. बेसन आपण शिजवतो, सत्तू तसाच पितो. त्यामुळे भाजण्यात राहिलेली उणीव पुढे कुठेच भरून निघत नाही.

घरी येऊन फुटाणे गोणपाटावर घासले, सुपाने पाखडले. सालं उडाली, काही चिकटून राहिली. चाचींच्या घरी थोडी सालं राहू देतात. त्यांच्या मते पोटाला ती बरी, आणि पेयाला त्यांनी अंग येतं. मला पेल्यात तळाशी येणारा कोंडा आवडत नाही, म्हणून मी दोनदा पाखडते. दोन किलो हरभऱ्यांचे दीड किलोच्या थोडे वर फुटाणे उरले. बाकी साल आणि उडालेलं पाणी.

जवाचं काम जास्त कष्टाचं निघालं. मी अर्धा किलोच घेतले होते, आणि बरं झालं. जवाला तूस घट्ट चिकटलेलं असतं. पाणी शिंपडून तासभर झाकून ठेवायचे, उखळात हलक्या हाताने सडायचे, पाखडायचे, पुन्हा सडायचे, वाळवायचे आणि मग भाजायचे. माझी आजी गव्हाचं हेच करायची, त्यामुळे मुसळ किती जोरात मारायचं ते माझ्या हाताला ठाऊक होतं. दाणा फुटायला नको, साल सुटायला हवी. इथे कंटाळा केला तर सत्तू पिताना घशाला बारीक काटे टोचल्यासारखं होतं. चाचींकडे तीन भाग हरभरा, एक भाग जव असं प्रमाण चालतं. जवाने पेय थोडं दाट होतं आणि पीठ लगेच तळाशी बसत नाही. मक्याचाही सत्तू तिथे करतात, चवीला गोडसर. पण मक्याच्या कोंबात तेल असतं आणि ते लवकर खवट होतं. म्हणून मका साठवणीच्या सत्तूत घालायचा नाही, आठवड्याभरात संपेल एवढाच वेगळा करायचा.

दळायला चक्कीवर गेले, आणि चाचींची एक सूचना विसरले. त्यांनी बजावलं होतं की आपल्या आधी कोणाचं काय दळलं ते विचार, आणि आपलं पहिलं ओंजळभर पीठ वेगळं काढ. माझ्या आधी कोणीतरी गहू दळले होते. ती कच्ची कणीक माझ्या सत्तूच्या सुरुवातीच्या पिठात आली. तेवढं पीठ मी नंतर पोळ्यांच्या कणकेत संपवलं, कारण कच्चं पीठ पाण्यात कालवून पिणं योग्य नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. चक्कीतून पीठ गरमागरम येतं. मी ते घरी आणलं, त्याचा खमंग वास घरभर पसरला होता, आणि तो उडून जाऊ नये म्हणून लगेच स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. बारा दिवसांनी डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला पिठाचा ओला थर चिकटलेला. वरचं दोन बोटं पीठ गुठळ्या झालेलं, वास ओल्या गोणपाटासारखा. गरम पिठातली वाफ झाकणाला लागून थंड झाली आणि थेंब होऊन परत पिठावर पडली होती. खालचं पीठ दिसायला ठीक होतं, पण वास सगळीकडे पोचला होता. मी वरचं काढून खालचं ठेवावं का, असं चाचींना विचारलं. त्यांनी चिमूटभर पीठ नाकाशी नेलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. "बुरशीचा वास आला की वर-खाली नसतं." किलोभर सत्तू टाकून द्यावा लागला. एवढ्या हातांनी केलेलं अन्न टाकताना मला रडू आलं. सुदैवाने थोडे फुटाणे न दळता ठेवलेले होते. सतुआनला ते चाचींच्या जात्यावर दळले. त्या जात्याला जांता म्हणतात, खुंटा धरून दोघींनी फिरवायचा. तेवढ्या पिठाने आमचा सण झाला.

त्यानंतर माझी पद्धत ठरून गेली आणि आज पुण्यात परत येऊनही तीच चालू आहे. दळून आणलेलं पीठ परातीत पातळ पसरायचं, वर पातळ कापड घालायचं, आणि पीठ खोलीत पूर्ण गार होऊ द्यायचं. हात आत खुपसला तर तळालाही ऊब लागता कामा नये. मग चाळून लहान डब्यांत भरायचं. एक मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा चार लहान डबे बरे, कारण रोज उघडणाऱ्या डब्यात रोज थोडी हवा आणि ओल शिरते. चमचा कोरडा हवा. उन्हाळ्यात केलेला सत्तू असा ठेवला तर माझ्याकडे दोन महिने चांगला राहतो. पावसाळ्यात उघडलेला डबा मी तीन आठवड्यांत संपवते. जास्त असेल तर फ्रीजमध्ये ठेवते, पण तिथला डबा बाहेर काढल्या काढल्या उघडत नाही. गार पिठावर बाहेरची दमट हवा लागली की दव पडतं. तासभर तसाच ठेवून मग उघडते.

खराब होतंय हे आधी नाकाला कळतं. खवट वास म्हणजे जुन्या तेलासारखा, कुबट वास म्हणजे ओलीचा. चमच्याने उचलताना पीठ बारीक धाग्यांनी लोंबायला लागलं तर आत पाखरांच्या अळीने जाळी केली आहे, भले अळी दिसत नसेल. आता मी एक गोष्ट चाचींपेक्षा वेगळी करते. सगळं एकदम दळत नाही. आख्खे फुटाणे पिठापेक्षा कितीतरी जास्त टिकतात, कारण दळलं की प्रत्येक कणाला हवा लागते. दर पंधरवड्याला पाव किलो फुटाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवते, भांडं तापू देत नाही, आणि मैद्याच्या चाळणीने चाळते. चक्कीइतकं बारीक होत नाही, पण वास ताजा असतो. भट्टी नाही म्हणून कढईत खडे मीठ तापवून त्यात मूठ-मूठ हरभरे भाजते. मीठ दाण्याला फारसं चिकटत नाही, आणि तेच मीठ पुढच्या वेळी परत चालतं. घाई असेल तेव्हा दुकानातलं डाळं घेते, पण ते आधी कढईत मंद आचेवर कोरडं गरम करते. दुकानातलं डाळं बहुतेक वेळा सर्दलेलं असतं. पुन्हा कुरकुरीत झालं आणि गार झालं की मगच दळायचं.

पेयाचं म्हणाल तर एका पेल्याला तीन मोठे चमचे सत्तू. तो एकदम पेलाभर पाण्यात टाकला की गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. आधी चार चमचे पाण्यात दाटसर पेस्ट करायची, चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला घासायची, मग थोडं थोडं पाणी वाढवायचं. पाणी गार किंवा माठातलं. गरम पाण्यात सत्तू चिकट होतो, त्यातला पिष्टमय भाग लगेच फुगतो आणि गुठळीभोवती कवचच तयार होतं. त्यानंतर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू, अगदी बारीक चिरलेला कांदा, मिरची, असेल तर पुदिना. लगेच प्यायचा आणि पिता पिता ढवळायचा, कारण सत्तू पाण्यात विरघळत नाही, तरंगतो आणि बसतो. आऱ्यातल्या एका मे महिन्यात मी सकाळी तांब्याभर करून दुपारसाठी ठेवला होता. दुपारी त्याला फेस आला होता आणि आंबूस वास. कोरडं असताना दोन-दोन महिने टिकणारं पीठ पाणी लागल्यावर काही तासांत आंबतं. कालवलेला सत्तू मी आता ठेवत नाही. डब्यात न्यायचा असेल तर कोरडं पीठ एका डबीत आणि मीठ-मसाला दुसऱ्या, तिथे जाऊन कालवायचं.

कणकेत सत्तू दोन तऱ्हांनी जातो. एक म्हणजे थेट पिठात मिसळून. सत्तूला गव्हासारखा चिकटपणा नसतो, भाजल्यावर तर अजिबातच नाही. चार वाट्या कणकेला एक वाटी सत्तू घेतला तर पोळी नीट लाटता येते. मी एकदा निम्मं-निम्मं घेऊन पाहिलं. कडा फाटत गेल्या आणि पोळी तव्यावर नेताना मधूनच मोडली. सत्तू पाणी हळूहळू पितो, म्हणून मळताना पीठ सैल वाटलं तरी घाबरायचं नाही. अर्धा तास झाकून ठेवलं की ते आपसूक घट्ट होतं. मळल्या मळल्या लाटायला घेतलं तर पोळी कोरडी होते.

दुसरी तऱ्हा सारणाची, आणि आमच्या घरात हीच जास्त होते. लिट्टी, म्हणजे सत्तू भरून भाजलेला कणकेचा गोळा, किंवा सत्तूचा पराठा, त्या पराठ्याला तिथे मकुनी म्हणतात. दोन वाट्या सत्तूत ठेचलेला लसूण, किसलेलं आलं, मिरची, ओवा, कलौंजी, मीठ, लिंबू, भरलेल्या मिरचीच्या लोणच्यातला एक चमचा मसाला आणि दोन चमचे कच्चं सरसूचं तेल. शेंगदाण्याच्या तेलाने हे सारण होतं, पण ते लिट्टीचं होत नाही. तेल बोटांनी पिठात चोळायचं, मग पाण्याचा हबका मारायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि पाहायचं. सारण मुठीत दाबलं तर लाडूसारखं एकत्र राहायला हवं आणि बोटाने टोचलं तर भुगा व्हायला हवं. टोचल्यावर बोट आत रुतलं तर ते ओलं झालं आहे, लाटताना कणीक फाडून बाहेर येईल. मुठीत राहिलंच नाही तर कोरडं आहे, खाताना घशात अडकेल. कांदा घालायचा असेल तर भरायच्या अगदी आधी घालायचा, कारण मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं आणि जमलेलं सारण पाच मिनिटांत बिघडतं. ओलं झालंच तर उपाय सोपा आहे, आणखी दोन चमचे कोरडा सत्तू.

आऱ्यात लिट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, वरची राख फडक्याने झटकतात आणि तुपात बुडवून वांग्याच्या चोख्याबरोबर, म्हणजे भरिताबरोबर, खातात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी ती ओव्हनमध्ये भाजते, कधी आप्पेपात्रात. धुराचा वास येत नाही, पण सारण तेच राहतं. गेल्या एप्रिलमध्ये चाचींचा फोन आला तेव्हा मी सारणच कालवत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पीठ गार करून भरलं होतंस ना?" मी फोन खांद्याशी धरला, डब्याचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. कोरडं होतं.